शेठच्या डोक्यातलं काम कागदावर

अंजूर फाटा, मानकोली, पूर्णा, काल्हेर या भिवंडीच्या पट्ट्यात गोदामं आली ती मुंबईच्या जकातीबाहेर राहायचं म्हणून. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. उलट मोठी झाली, आणि त्यांच्या आजूबाजूला दोन-चार गाड्यांवर धंदा सुरू केलेले ट्रान्सपोर्टरही मोठे झाले. आज यातल्या बऱ्याच जणांना ‘ऑपरेशन्स मॅनेजर पाहिजे’ अशी जाहिरात द्यावी लागते. जाहिरातीत लिहिलेलं असतं की उमेदवार पदवीधर, अनुभवी, दबावाखाली काम करणारा, चोवीस तास उपलब्ध आणि संवादकौशल्य असलेला हवा. या वर्णनात ट्रान्सपोर्टचं एकही काम नाही. हॉटेलचा मॅनेजर नेमायलासुद्धा तेच चालेल.

आपण एक काल्पनिक कंपनी घेऊ. या धंद्यात राहिलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. स्वतःच्या २२ गाड्या, त्याशिवाय महिन्याला साधारण ३०० खेपा मार्केटच्या, म्हणजे ब्रोकरकडून भाड्याने घेतलेल्या गाड्यांवर. मुख्य माल फ्रिज आणि वॉशिंग मशीन. भिवंडीच्या गोदामातून नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर. गाड्या आठ होत्या तोवर सगळा हिशेब शेठच्या डोक्यात होता. कुठली गाडी कुठे आहे, कोणत्या ड्रायव्हरला घाट झेपत नाही, कोणता ब्रोकर संध्याकाळी पाचनंतर भाव वाढवतो, हे त्यांना न विचारता सांगता यायचं. आता त्यांचा फोन रात्री दोनलाही वाजतो. सकाळी क्लायंटला काय सांगायचं ते त्यांना पूर्वीइतकं आठवत नाही. मॅनेजर हवा आहे तो यासाठी. म्हणून जॉब डिस्क्रिप्शन लिहायला बसताना पहिला प्रश्न ‘उमेदवार कसा हवा’ हा नसावा. ‘शेठ कोणते निर्णय आजपासून सोडणार’ इथून सुरुवात करावी.

हे निर्णय रुपयांत लिहावे लागतात. उदाहरणार्थ: मार्केटची गाडी ठरलेल्या भाड्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जास्त देऊन घ्यायची असेल तर मॅनेजर स्वतः घेईल, त्यापुढे शेठना विचारेल. रस्त्यात गाडी बंद पडली तर १५ हजारांपर्यंतची दुरुस्ती तो मंजूर करेल. क्लायंटच्या दारात गाडी खोळंबली तर ठरलेल्या दराने हॉल्टिंग तोच देईल. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण ते नसतील तर मॅनेजरच्या हातात नुसता फोन राहतो आणि रात्री दोनचा कॉल एका माणसाकडून फिरून पुन्हा शेठकडेच जातो. मॅनेजर ठेवला तरी डोकेदुखी कमी झाली नाही, अशी तक्रार करणाऱ्या मालकांचा हा कागद एकदा मागून पाहावा. बहुतेक वेळा तो नसतोच.

याच कागदात नकार देण्याचा अधिकारही लिहिलेला हवा. क्लायंट म्हणतो, दोन टन जास्त टाका, एवढ्यासाठी दुसरी गाडी कशाला. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. ‘ओव्हरलोड गाडी गेटबाहेर सोडायची नाही आणि हा नकार शेठ मागे घेणार नाहीत’ असं एक वाक्य वर्णनात असलं की मॅनेजरला क्लायंटशी भांडताना पायाखाली जमीन मिळते.

आता कामाचं माप. बरेच मालक इथे दहा-बारा आकडे लिहितात आणि मग एकाकडेही बघत नाहीत. या कंपनीसाठी मी तीनच लिहीन. मागणी आल्यावर गाडी वेळेत लागली का, स्वतःच्या गाडीचा किलोमीटरमागे खर्च किती, आणि पीओडी किती दिवसांत परत आली. पहिले दोन कुणालाही कळतात. तिसऱ्यावर थोडं थांबायला हवं, कारण वाढत्या कंपनीचा श्वास तिथेच अडतो.

पीओडी म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्का असलेली एलआरची प्रत, जुन्या भाषेत बिल्टी. ती आल्याशिवाय बरेच क्लायंट बिल स्वीकारत नाहीत. आणि मार्केटच्या गाडीवाल्याला तर भाड्याचा मोठा हिस्सा माल भरतानाच अॅडव्हान्स म्हणून द्यावा लागतो. म्हणजे पैसा आज जातो आणि परत येण्याचं घड्याळ पीओडी हातात पडल्यावर सुरू होतं. मधल्या काळात तो कागद कुठे असतो? नागपूरला माल उतरवून गाडी रायपूरचं भाडं घेते, तिथून पुढे आणखी कुठे जाते, आणि पीओडी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये टोलच्या पावत्यांखाली प्रवास करत राहते.

हिशेब करू. महिन्याला ३०० खेपा आणि क्लायंटला लावायचं बिल सरासरी ४० हजार, म्हणजे महिन्याचे एक कोटी २० लाख, दिवसाचे चार लाख. पीओडी यायला सध्या २५ दिवस लागतात. ती दहा दिवसांत आणली तर १५ दिवस वाचतात, म्हणजे ६० लाखांची बिलं तेवढी आधी निघतात. हा पैसा बारा टक्के व्याजाने उचललेला असेल तर वर्षाला सात लाख २० हजार आणि महिन्याला ६० हजार रुपये नुसत्या व्याजाचे. एकही नवी गाडी न घेता आणि एकही नवा क्लायंट न मिळवता हे पैसे सुटतात. ते सुटतात ते साध्या शिस्तीने. माल उतरला की त्याच संध्याकाळी पीओडीचा फोटो आला पाहिजे, मूळ प्रत उतरवण्याच्या गावातूनच कुरिअर झाली पाहिजे, आणि गाडीवाल्याचा बॅलन्स त्याशिवाय सुटता कामा नये. पीओडीवर ‘दोन नग डॅमेज’ असा शेरा असेल तर तो फोटो आल्या दिवशीच कळतो आणि वाद ताजा असताना मिटवता येतो. २५ दिवसांनी कळला तर क्लायंट सरळ डेबिट नोट पाठवतो.

मात्र बिल लावल्यानंतर क्लायंटने पैसे उशिरा दिले तर ते मॅनेजरच्या खात्यात टाकू नये. ते अकाउंट्सचं आणि शेठचं काम. वर्णनात ही रेष आखली नाही तर वर्षअखेरीस मॅनेजर आणि अकाउंटंट एकमेकांकडे बोट दाखवतात.

मुलाखतीकडे वळू. आपल्याकडे ती गप्पांच्या अंगाने जाते. कुठल्या गावचे, आधीच्या कंपनीत किती गाड्या होत्या, का सोडली, पाच वर्षांनी कुठे असाल. बोलघेवडा माणूस यात सहज पास होतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये माणसं निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं, या दोन गोष्टी गप्पावजा मुलाखतीपेक्षा भरवशाच्या ठरल्या. अनुभवाची नुसती वर्षं मोजणं तर बरंच मागे पडलं. पुढे २०२२ च्या फेरआढाव्यात यातले आकडे खाली आले, तरी ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत यादीत वरच राहिली.

मग कामाचा नमुना घ्यायचा कसा? उमेदवाराला बसवा, चहा द्या आणि एक प्रसंग कागदावर लिहून द्या. मला आवडणारा प्रसंग असा:

‘भिवंडीहून नागपूरला फ्रिज. ई-वे बिलावर अंतर ७२० किलोमीटर, बिल सोमवारी संध्याकाळी सहाला काढलं. गोदामात डॉक मिळाला नाही म्हणून गाडी मंगळवारी संध्याकाळी सुटली. वाटेत दुसऱ्या एका ठिकाणी माल उतरवताना एक दिवस गेला. गुरुवारी रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाच्या आसपास क्लच गेला. मेकॅनिक म्हणतो, शनिवारी दुपारी गाडी चालू होईल. नागपूरचं गोदाम शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतं, रविवारी सुट्टी. गाडीला क्लायंटचं सील आहे. तुम्ही काय कराल, कोणत्या क्रमाने?’

इथे क्रम हाच प्रश्न आहे. ज्याने हे काम खरंच केलंय तो आधी विचारतो, गाडी कडेला घेतली आहे का आणि ड्रायव्हर ठीक आहे का. द्रुतगती मार्गावर रात्री उभी राहिलेली गाडी म्हणजे मागून धडक बसण्याचा धोका. मग तो ई-वे बिलाचा हिशेब घालतो. प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, म्हणजे ७२० ला चार दिवस. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो, म्हणजे मंगळवारी रात्री बाराला. चौथा संपतो शुक्रवारी रात्री बाराला. गाडी शनिवारी दुपारी चालू होणार, म्हणजे मुदत वाढवायलाच हवी आणि तीही मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्याच वेळात, शुक्रवारी दुपारी चार ते शनिवारी सकाळी आठ. हे गणित तोंडी आलंच पाहिजे असं नाही. पण ‘ई-वे बिलाची मुदत कधी संपते?’ हा प्रश्न उमेदवाराने स्वतःहून काढला पाहिजे. तो सुटला तर गाडी दुरुस्त होऊनही चेकिंगमध्ये अडकते, आणि तिथला दंड क्लचच्या खर्चापेक्षा खूप मोठा असतो.

त्यानंतर खरा निर्णय. थांबायचं, की दुसरी गाडी पाठवून माल पलटी करायचा? पलटी करायचं तर क्लायंटचं सील तुटणार आणि त्याला लेखी परवानगी लागते. नवी गाडी आली की ई-वे बिलाच्या भाग-बमध्ये तिचा नंबर भरावा लागतो. फ्रिज उभेच ठेवायचे असतात. रस्त्याच्या कडेला, अंधारात, अनोळखी हमालांकडून ते एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेताना दोन-चार नग ठोकले जाणारच. म्हणून चांगला उमेदवार बहुधा म्हणतो की मी शुक्रवारी सकाळी क्लायंटला फोन करून खरी स्थिती सांगेन, शनिवारी सहापर्यंत पोचण्याची खात्री नाही हेही सांगेन, आणि सोमवारी सकाळी उतरवण्याची वेळ आत्ताच मागून ठेवेन. माल तातडीचा असेल तर सील तोडण्याची परवानगी ईमेलवर मागेन. दोन्ही उत्तरं चालतील. ‘ड्रायव्हरला फोन करत राहीन, मेकॅनिकवर प्रेशर टाकीन’ हे उत्तर मात्र चालत नाही, कारण त्यात क्लायंट कुठेच नाही. उत्तर संपलं की एक पेच टाकावा: क्लायंटच्या अधिकाऱ्याचा फोन लागत नाही, आता? त्याच्या वरच्या माणसाचं नाव आधीपासून लिहून ठेवायला हवं होतं, असं जो म्हणेल त्याला माझा एक गुण जास्त.

दुसरा प्रश्न डिझेलचा, आणि त्यासाठी दोन ट्रिप शीट पुढे ठेवायच्या. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, दोघींनी नागपूर जाऊन येऊन १,४०० किलोमीटर केले. एकीला ३५० लिटर लागलं, म्हणजे चारचं अॅव्हरेज, आणि दुसरीला ४००, म्हणजे साडेतीनचं. पन्नास लिटरचा फरक, लिटरला ९० रुपये धरले तर एका खेपेला साडेचार हजार. ‘तुमचं मत?’ एवढंच विचारायचं. ज्याच्या तोंडी पहिला शब्द ‘चोरी’ येतो तो ड्रायव्हर टिकवू शकणार नाही. कामाचा माणूस विचारतो की डिझेल टाकी फुल ते टाकी फुल मोजलं का, येताना एक गाडी खाली आली आणि दुसरी भरून आली असं आहे का, दोघी त्याच रस्त्याने गेल्या का, की एक समृद्धीने आणि दुसरी जुन्या घाटाने? गाडी एसी नसलेल्या डॉकवर इंजिन चालू ठेवून किती तास उभी होती? हे सगळं जुळलं आणि फरक तरी उरला, तोही त्याच ड्रायव्हरच्या पुढच्या दोन-तीन खेपांत, तर मग चोरीचा विषय. चोरी होत नाही असं मुळीच नाही. पण एका शीटवरून आरोप करणारा मॅनेजर महिन्याभरात तीन चांगले ड्रायव्हर घालवतो, आणि चांगला ड्रायव्हर सध्या गाडीपेक्षा दुर्मीळ आहे.

प्रामाणिकपणाबद्दल थेट विचारण्यात अर्थ नाही. ‘तुम्ही प्रामाणिक आहात का’ याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. या पदावर हात ओला होण्याची जागा मार्केटच्या गाड्यांचं भाडं ही असते. दोन हजार जास्तीचं भाडं दाखवायचं आणि ब्रोकरकडून त्यातले काही परत घ्यायचे. म्हणून विचारावं, ‘आधीच्या कंपनीत मार्केटच्या गाडीचा भाव तुम्ही कसा ठरवत होता आणि तो आणखी कोण बघत होतं?’ रोज तीन ब्रोकरांचे भाव एका वहीत किंवा ग्रुपवर लिहिले जायचे, असं तपशिलाने सांगणाऱ्याला व्यवस्थेची सवय आहे. ‘ब्रोकर माझ्या ओळखीचे आहेत, भाव मीच काढतो’ असं अभिमानाने सांगणारा कदाचित स्वच्छही असेल, पण त्याच्या जाण्यानंतर कंपनीकडे काहीच उरणार नाही. चौकशी करताना आधीच्या मालकाबरोबर त्याच्याशी व्यवहार केलेल्या एखाद्या गाडीमालकालाही, उमेदवाराची परवानगी घेऊन, फोन लावावा. बॅलन्स वेळेवर मिळायचा का, एवढाच प्रश्न पुरे. आत्ता जिथे तो कामाला आहे तिथे मात्र ऑफर पक्की होईपर्यंत फोन करू नये, त्याची नोकरी जाते.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या उमेदवाराला एक प्रश्न जरूर विचारावा, हमालीचा. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे आणि माल चढवणं-उतरवणं ही इथे नुसती मजुरीची बाब राहत नाही. माथाडी मंडळ, टोळी, मुकादम, वाराई हे शब्द त्याला माहीत नसतील तर शिकता येतील. पण ‘आम्ही आमची माणसं आणून उतरवून घेऊ’ असं तो सहज म्हणाला तर भिवंडीत पहिल्याच आठवड्यात गेटवर गाड्या अडतील हे समजून चालावं.

शेवटचा प्रश्न मी असा ठेवतो: ‘तुमचा फोन दोन दिवस बंद राहिला तर काय अडेल?’ वाढत्या कंपनीत हा सर्वांत उपयोगी आहे, आणि अनुभवी उमेदवार इथेच जास्त अडखळतात. ‘सगळं अडेल साहेब, माझ्याशिवाय पान हलत नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण मग मालकाने एका शेठच्या जागी दोन शेठ नेमले. ‘प्लेसमेंटचं माझा एक्झिक्युटिव्ह बघेल, रात्रीच्या ब्रेकडाऊनसाठी नाइट सुपरवायझरला दहा हजारांपर्यंत मंजुरी दिलेली आहे, मोठ्या क्लायंटची तक्रार आली तर तेवढी अडेल’ असं कुणी म्हटलं तर खोदून विचारावं: ही मंजुरी दिली तेव्हा काय झालं, त्याने चुकीचा खर्च केला का, मग तुम्ही काय केलंत? खरी गोष्ट असेल तर नावं, गावं, रक्कम सगळं येतं. ‘चोवीस तास उपलब्ध’ हे शब्द वर्णनातून काढून रात्रपाळीला कोण हे लिहिण्याचं कारणही हेच.

उत्तरांना गुण देताना पॅनेलवरच्या दोघांनी आपापल्या कागदावर आधी लिहावं, चर्चा नंतर. नाहीतर शेठ म्हणतात ‘चांगला वाटला’ आणि मुनीमही म्हणतो ‘हो, चांगला वाटला’.

उमेदवारानेही विचारायला हवं, आणि न विचारणाऱ्याबद्दल मला थोडी शंका येते. ड्रायव्हर थेट शेठना फोन करतात का? केला तर शेठ काय सांगतात? जुन्या ड्रायव्हरांना वीस वर्षांची सवय असते, आणि शेठनाही तो फोन आवडतो. ‘मॅनेजर साहेबांशी बोल’ एवढं म्हणायची तयारी मालकाची नसेल तर वरचा सगळा कागद दोन महिन्यांत रद्दीत जातो. म्हणून नेमणुकीच्या दिवशी दोन गोष्टी सही करून ठेवाव्यात. एक, निर्णयांच्या मर्यादांचा तो कागद, मालक आणि मॅनेजर दोघांच्या सहीचा. दुसरी, त्या दिवशीचे तिन्ही आकडे: गेल्या महिन्यात किती गाड्या वेळेत लागल्या, किलोमीटरमागे खर्च किती आला, पीओडी सरासरी किती दिवसांत आली. हा आरंभीचा आकडा लिहिला नाही तर सहा महिन्यांनी मॅनेजर म्हणेल ‘मी सुधारलं’, शेठ म्हणतील ‘आधीपण असंच होतं’, आणि दोघांपैकी कुणाकडेच पुरावा नसेल.